कुणासाठी? आणि कधीचा?

वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या प्रेसशॉपच्या मालकाला "या पार्टचा रेट काय हो?" असं विचारून बघा. तो सरळ आकडा सांगणार नाही. उलट तुम्हालाच विचारेल, "कुणासाठी? आणि कधीचा?"

मला आधी वाटायचं, धंदेवाईक माणूस आहे, भाव फोडत नसेल. पण गेले काही महिने दर शनिवारी अशाच एका शॉपमध्ये बसून त्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितोय (सोमवार ते शुक्रवार पुण्यातल्या कंपनीची नोकरी घरून चालूच आहे, काळजी नसावी), आणि आता कळलंय की त्या दोन प्रश्नांशिवाय त्याला खरंच उत्तर देता येत नाही. 'कुणासाठी' सगळ्यांना लगेच समजतं. 'कधीचा'मध्ये मात्र भलभलते लोक अडकतात, आमच्या जातीचे इंजिनिअरसुद्धा. आजची पोस्ट त्या 'कधीचा'बद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला छोट्या छोट्या व्हेंडरांचं एक गावच वसलं. कुणी प्रेसिंग करतं, कुणी टर्निंग, कुणी प्लेटिंग. आज त्यांतले बरेच जण चाकणलाही माल देतात, शिवाय थोडा माल स्पेअरच्या बाजारात विकतात. मी जिथे बसतो ते शॉपही असंच. तीस-पस्तीस माणसं, आठ प्रेस, आणि ऑफिसात मालक, डिस्पॅच बघणारे मामा आणि अकाउंटच्या ताई.

त्यांचं आधीचं सॉफ्टवेअर कुणीतरी स्वस्तात करून दिलेलं होतं. त्यात पार्टची एक यादी आणि प्रत्येक पार्टपुढे रेटचा एकच रकाना. गिऱ्हाइकाप्रमाणे रेट वेगळा हवा म्हणून त्याच पार्टला तीन-तीन नंबर दिलेले, शेवटी ए, बी, सी लावून. रेट बदलला की ताई त्या रकान्यात जाऊन जुना आकडा पुसायच्या आणि नवा टाकायच्या. वरवर बघता यात काही वावगं नाही. पण इनव्हॉइस छापताना ते सॉफ्टवेअर रेट त्या रकान्यातूनच उचलायचं, आणि जुनं इनव्हॉइस पुन्हा छापलं तरी तिथूनच! म्हणजे फेब्रुवारीचं इनव्हॉइस ऑगस्टमध्ये काढलं की त्यावर ऑगस्टचा रेट. गिऱ्हाइकाकडे एक कागद, आपल्याकडे दुसरा, जीएसटीच्या रिटर्नमध्ये तिसराच आकडा. ताईंनी यावर उपाय काढला होता: प्रत्येक इनव्हॉइसची झेरॉक्स एका फाइलीत. वाद झाला की सॉफ्टवेअर बंद करायचं आणि फाइल उघडायची. मला विचाराल तर त्या ऑफिसातला खरा डेटाबेस ती फाइलच होती.

आता फाइलीला जे जमत होतं ते सॉफ्टवेअरला का जमत नव्हतं? कारण फाइलीत कुणी काही पुसत नाही. नवा कागद फक्त वर येऊन बसतो. एवढं एक पाळलं तरी निम्मं काम होतं. रेट बदलायचा नाही, नव्या तारखेचा नवा रेट खाली लिहायचा. आणि ऑर्डर घेताना, इनव्हॉइस करताना जो रेट लागला तो आकडा त्या ओळीतच कोरून ठेवायचा, सोबत तो रेटच्या यादीतल्या कितव्या ओळीतून आला तेही. मग यादीत पुढे काहीही होवो, जुनी ओळ हलत नाही.

हे वाचून तुमच्यातले डेटाबेसवाले म्हणतील, "एकच माहिती दोन ठिकाणी? नॉर्मलायझेशनचं काय?" कॉलेजात आम्हीही ते घोकलंय. पण ही एक माहिती नाहीच मुळी. यादीतला रेट म्हणजे 'आजपासून असं ठरलंय' आणि ऑर्डरवरचा रेट म्हणजे 'त्या दिवशी या मालासाठी हे ठरलं'. आकडे सारखे असले म्हणून गोष्ट एक होत नाही.

इथपर्यंत सोपं आहे. आता खरी मजा.

कुठली तारीख धरायची?

दोन गिऱ्हाइकं घेऊ. नावं नकोत, पहिलं जालन्याचे एक व्यापारी आणि दुसरं चाकणची एक कंपनी.

जालन्याचे व्यापारी साइड स्टँड घेतात. डाय आपली, माल आपला, त्यामुळे तोच स्टँड इतर दोन व्यापाऱ्यांनाही जातो, तिघांचे रेट वेगळे. कोण किती उचलतो आणि किती दिवसांनी पैसे देतो यावर ते ठरतं. जालनेकरांनी १२ मार्च २०२५ ला २,००० स्टँडची ऑर्डर दिली, ९२ रुपये नग. मार्चअखेर १,४०० गेले. १ एप्रिलपासून मालकांनी त्यांचा रेट ९७ केला. राहिलेले ६०० एप्रिलमध्ये निघाले. ते कितीला?

९२ ला. सौदा १२ मार्चला झाला, माल उशिरा गेला तो आपल्या प्रेसमुळे, त्यांच्यामुळे नाही. इथे ऑर्डरची तारीख रेट ठरवते.

चाकणच्या कंपनीचं तंत्रच निराळं. ती ब्रॅकेट घेते. डाय तिची, त्यामुळे तो ब्रॅकेट दुसऱ्या कुणाला विकताच येत नाही. तिची ओपन पीओ असते, म्हणजे एकदाच काढलेली ऑर्डर, ज्यात पार्ट आणि रेट लिहिलेला असतो पण एकूण नग नसतात. किती नग कधी पाठवायचे हे महिन्याच्या शेड्यूलमध्ये येतं. अशी पीओ तीन-चार वर्षंही चालते. आता इथे ऑर्डरच्या तारखेचा रेट लावला तर २०२२ च्या रेटने २०२५ मध्ये माल द्यावा लागेल आणि शॉपला कुलूप लागेल. रेट बदलला की कंपनी पीओला अमेंडमेंट काढते आणि त्यावर लिहिलेलं असतं की अमुक तारखेपासून लागू. म्हणजे इथे माल निघाल्याची तारीख रेट ठरवते.

एकच शॉप, एकच सॉफ्टवेअर आणि नियम दोन. म्हणून 'रेट शोधा' असं फंक्शन लिहिताना त्याला फक्त गिऱ्हाईक आणि पार्ट देऊन भागत नाही, तारीख द्यावी लागते, आणि कुठली तारीख द्यायची ते गिऱ्हाइकाच्या करारावरून ठरतं. मी प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तेवढा एक रकाना ठेवलाय: ऑर्डरची तारीख की डिस्पॅचची. त्यावरून जी तारीख निघेल ती इनव्हॉइसच्या ओळीवर `price_date` म्हणून लिहून ठेवतो. मागाहून कुणी विचारलं "हा रेट का?" तर उत्तर त्या ओळीतच असतं.

यात एक गंमत सांगायची राहिली. ९ एप्रिलला जालन्याहून मामांना फोन आला, "भाऊ, त्या मार्चच्या ऑर्डरीत पाचशे वाढवून टाका ना." आवाज अगदी सहज. मामांनीही सहज २,००० चे २,५०० केले असते, जुन्या सॉफ्टवेअरात तसं करता यायचं. पण हे वाढीव ५०० स्टँड जुन्या ओळीत घुसले की त्यांना ९२ चाच रेट लागतो. पाच रुपयांप्रमाणे अडीच हजार गेले. आता ऑर्डरची ओळ एकदा पक्की झाली की नग कमी करता येतात, वाढवता येत नाहीत. वाढवायचे तर त्याच ऑर्डरीत नवी ओळ, तिला आजची तारीख आणि आजचा रेट. मामांनी फोनवर सांगितलं, "कॉम्प्युटर घेतच नाही हो." व्यापाऱ्यांना नाही म्हणायला मामांना हे वाक्य फार आवडलंय. (मालकांनी ते ५०० शेवटी ९४ ला दिले. तो त्यांचा प्रश्न. पण दिले ते कळून-सवरून दिले, आणि ओळीवर तसं लिहिलंय.)

'पर्यंत' म्हणजे कधीपर्यंत

रेटच्या ओळीला दोन टोकं असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. 'पासून'बद्दल भांडण नसतं. '३१ मार्चपर्यंत' म्हटलं की ३१ तारीख धरायची की नाही, यावर मात्र चार माणसांची चार मतं. दोन ओळींना ३१ मार्च लागू पडला तर सॉफ्टवेअर जी आधी सापडेल ती उचलतं, आणि मधे एक दिवस मोकळा राहिला तर त्या दिवशी रेटच मिळत नाही. हे दोन्ही मला जुन्या डेटात सापडलं. म्हणून आत साठवताना शेवटचा दिवस बाहेर ठेवायचा. १ एप्रिल ते १ जुलै, पण १ जुलै त्यात नाही. पुढची ओळ १ जुलैलाच सुरू. स्क्रीनवर मात्र ताईंना '३० जूनपर्यंत' असंच दिसतं, त्यांना कशाला त्रास.

दोन ओळी एकमेकींवर चढू नयेत हे काम मी माणसांवर सोडलेलं नाही, पोस्टग्रेसवर सोडलंय. टेबल साधारण असं आहे:

```sql
CREATE EXTENSION btree_gist;

CREATE TABLE rate (
  rate_id       serial PRIMARY KEY,
  cust_id       int           NOT NULL,
  part_no       text          NOT NULL,
  price         numeric(10,2) NOT NULL,
  validity      daterange     NOT NULL,
  entered_on    date          NOT NULL,
  superseded_on date,
  EXCLUDE USING gist
    (cust_id WITH =, part_no WITH =, validity WITH &&)
    WHERE (superseded_on IS NULL)
);
```

`EXCLUDE` चा अर्थ एवढाच, की तेच गिऱ्हाईक, तोच पार्ट आणि तारखा एकमेकींवर चढलेल्या असतील तर नवी ओळ आत घ्यायची नाही. शेवटचे दोन रकाने, `entered_on` आणि `superseded_on`, कशाला ते पुढे येतंय.

त्याआधी मोकळ्या दिवसाबद्दल एक. काही सॉफ्टवेअर अशा वेळी फार हुशारी करतात. गिऱ्हाइकाचा खास रेट सापडला नाही की गुपचूप सर्वसाधारण यादीतला रेट लावतात. 'आधी खास, मग सर्वसाधारण' ही पायरी चुकीची नाही, सॅपसारख्या मोठ्या सिस्टिममध्येही शोध असाच उतरत जातो. रस्त्यावरून आलेल्या नव्या गिऱ्हाइकाला तेच बरोबर आहे. पण ज्याच्याशी करार आहे त्याचा रेट ३१ मार्चला संपला आणि नवं पत्र अजून आलेलं नाही, तर त्याला सर्वसाधारण रेट लावणं म्हणजे न ठरलेला भाव लावणं. वर पुन्हा स्क्रीनवर कुठे लाल अक्षर येत नाही, सगळं कसं सुरळीत दिसतं. कळतं ते दीड महिन्याने, पेमेंट कापून आल्यावर. म्हणून करार असलेल्या गिऱ्हाइकाला मी खालची पायरी बंद केली. रेट नाही तर इनव्हॉइस नाही. पहिल्याच आठवड्यात गाडी भरून गेटवर उभी आणि इनव्हॉइस निघेना, तेव्हा मामांनी माझा उद्धार केला. मग तडजोड झाली: रेट संपायच्या पंधरा दिवस आधी ताईंना यादी दिसते, आणि पत्र यायचं असेल तर जुनाच रेट 'तात्पुरता' असा शिक्का मारून मालकांच्या परवानगीने पुढे नेता येतो.

मागच्या तारखेचा रेट

आता मुख्य दुखणं. चाकणच्या ब्रॅकेटचा रेट १ एप्रिल २०२५ पासून ३८.४० रुपये होता. २० ऑगस्टला ईमेल आली, अमेंडमेंट जोडलेली: नवा रेट ३९.६५, लागू १ जुलैपासून.

हे कुणी मुद्दाम करत नाही. ब्रॅकेटच्या किमतीत मोठा वाटा पत्र्याचा. पत्र्याचा भाव मोठ्या कंपन्या पोलाद कारखान्यांशी तिमाहीला बसून ठरवतात, आणि ते ठरेपर्यंत तिमाही अर्धी उलटलेली असते. ठरलं की खालच्या व्हेंडरांचे रेट मागच्या तारखेपासून बदलतात. इथे पत्रा किलोमागे पाच रुपयांनी वाढला होता. एका ब्रॅकेटला पाव किलो पत्रा लागतो, म्हणून सव्वा रुपया. (स्क्रॅपचा हिशोब वेगळा, त्यावर बोलायला लागलो तर रविवारही जाईल.)

१ जुलै ते २० ऑगस्ट या काळात ३८ इनव्हॉइस झाले होते, प्रत्येकी १,२०० नग. म्हणजे ४५,६०० ब्रॅकेट ३८.४० ने गेलेले. ही सगळी इनव्हॉइस आता 'चुकीची' का? अजिबात नाही. १५ जुलैला जे इनव्हॉइस झालं ते त्या दिवशी माहीत असलेल्या रेटने झालं. आता जे कळलं ते २० ऑगस्टला कळलं. म्हणून प्रत्येक रेटला दोन तारखा असतात, कधीपासून लागू आणि आपल्याला कधी समजला. एकच साठवली तर दोनांतला एक प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. 'जुलैचा रेट किती?' याचं उत्तर ३९.६५. 'मग १५ जुलैला ३८.४० का लावला?' याचंही उत्तर हवं, ऑडिटर नेमकं हेच विचारतो.

टेबलात हे असं होतं. आधीची '१ एप्रिलपासून पुढे ३८.४०' ही ओळ पुसायची नाही, तिच्या `superseded_on` मध्ये २० ऑगस्ट लिहायचं. मग दोन नव्या ओळी, दोघींच्या `entered_on` मध्ये २० ऑगस्ट: १ एप्रिल ते ३० जून ३८.४०, आणि १ जुलैपासून पुढे ३९.६५. जुनी ओळ निवृत्त झाल्यामुळे `EXCLUDE` तक्रार करत नाही, आणि जुलैची इनव्हॉइस अजूनही त्या निवृत्त ओळीकडे बोट दाखवत शांत उभी असतात.

फरक किती निघतो ते मग एका क्वेरीत कळतं:

```sql
SELECT l.inv_no, l.qty, l.price, r.price AS due,
       l.qty * (r.price - l.price) AS diff
FROM   inv_line l
JOIN   rate r ON r.cust_id = l.cust_id
             AND r.part_no = l.part_no
             AND r.validity @> l.price_date
             AND r.superseded_on IS NULL
WHERE  r.price <> l.price;
```

त्यात चाकणच्या ३८ ओळी आल्या. ४५,६०० गुणिले १.२५, म्हणजे ५७,००० रुपये. त्यावर त्या वेळचा २८ टक्के जीएसटी १५,९६०. एकूण ७२,९६०. ताईंनी २८ ऑगस्टला डेबिट नोट काढली, ३८ इनव्हॉइसचे नंबर जोडून. जीएसटी कायद्याचं कलम ३४ यासाठीच आहे: मूळ इनव्हॉइसमध्ये किंमत कमी लागली असेल तर डेबिट नोट, जास्त लागली असेल तर क्रेडिट नोट. मूळ इनव्हॉइसला हात लावायचा नाही. (डेबिट नोटची रक्कमही या क्वेरीत वजा धरावी लागते, नाहीतर दर शनिवारी तेच ५७,००० पुन्हा हजर!) पत्रा उतरला की हेच सगळं उलट होतं आणि पैसे द्यावे लागतात, तेव्हा मालकांचा चेहरा बघवत नाही.

मागच्या तारखेचा हा घोळ थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे, हे मला आमच्या सीएंनी सांगितलं. एक्साइजच्या काळातली गोष्ट. बेअरिंग करणारी एसकेएफ इंडिया आणि पुण्याचं केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्तालय यांच्यातला दावा. गिऱ्हाइकांनी मागच्या तारखेपासून वाढीव किंमत मान्य केली, कंपनीने पुरवणी इनव्हॉइस काढून फरकाचा शुल्कही भरला. खातं म्हणालं, व्याजही द्या, माल कारखान्यातून निघाला तेव्हापासूनचं. कंपनीचं म्हणणं साहजिक होतं, की तेव्हा वाढीव किंमत ठरलेलीच नव्हती तर उशीर कसला? २००९ मध्ये कोर्टाने खात्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे 'सेल'च्या प्रकरणात त्या निकालावर शंका घेतली गेली, तीन न्यायमूर्तींसमोर पुन्हा ऐकलं गेलं आणि मे २०१९ मध्ये तोच निकाल कायम राहिला. तोवर २०१७ मध्ये जीएसटी येऊन या मालावरचा एक्साइज संपलाही होता. मला यात गंमत वाटते ती अशी की दोन्ही बाजू आपापल्या जागी एकेका रकान्याबद्दल बोलत होत्या. खातं म्हणत होतं, कधीपासून लागू ते बघा. कंपनी म्हणत होती, आम्हाला कधी समजलं ते बघा. व्याज मोजायचं तर दोन्ही तारखा लागतातच.

याच शरद ऋतूत आणखी एक भर पडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे करालाही 'कधीपासून' असतं. ऑक्टोबरमध्ये चाकणहून ३०० ब्रॅकेट रिजेक्ट होऊन परत आले. कुठल्या तरी बिनमध्ये मागे राहिलेले, टॅगवर इनव्हॉइस २८ जूनचं. त्यांची क्रेडिट नोट कितीची? आजचा रेट आणि आजचा कर लावला तर ३९.६५ आणि १८ टक्के, मिळून १४,०३६ रुपये १० पैसे. पण तो माल गेला होता ३८.४० ने आणि २८ टक्क्यांनी, तेव्हा परत घेतानाही तेच: ११,५२० अधिक ३,२२५.६०, म्हणजे १४,७४५ रुपये ६० पैसे. इथे रेट 'शोधायचा' नसतोच. टॅगवरचा नंबर घालायचा आणि त्या ओळीत कोरलेलं उचलायचं. टॅग फाटलेला असेल तर मात्र सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, मामा फोन उचलतात.

आणि हे सगळं इतकं नीट करूनही एक हिशोब जुळलेला नाही. ३० जूनला संध्याकाळी एक गाडी १,२०० ब्रॅकेट घेऊन वाळूजहून निघाली. अहिल्यानगर, शिरूर करत चाकणच्या गेटात पोचली १ जुलैला सकाळी. आमच्या इनव्हॉइसवर ३० जून, त्यांच्या आवक नोंदीवर १ जुलै. अमेंडमेंटवर नुसतं 'लागू १ जुलै' एवढंच, कशाची १ जुलै ते नाही. आमच्या हिशोबाने ३८ इनव्हॉइस, त्यांच्या सिस्टिमच्या हिशोबाने ३९. फरक दीड हजाराचा, तोही आमच्या बाजूचा! पण ताई तो घ्यायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, आज गेटची तारीख मान्य केली तर पत्रा उतरेल त्या तिमाहीतही तीच मान्य करावी लागेल, आणि तेव्हा रस्त्यावर दोन गाड्या असतील. त्यांनी कंपनीला मेल टाकलीय की तुमच्या पीओत कुठली तारीख ते लिहून द्या. उत्तर अजून यायचंय. तोवर गिऱ्हाइकाच्या पानावर मी तिसरा पर्याय घालून ठेवलाय, 'गेट एन्ट्रीची तारीख', आणि तो सध्या कुणालाच निवडता येत नाही.